डुएथलॉनमध्ये दुसऱ्या रनचा पेस आधीच कसा काढायचा

पहिला रन फ्रेश पायांनी जोरात मारायचा आणि सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होऊन चालत सुटायचं, हे माझं दोन रेसमध्ये झालं. आता घरीच टक्का ठरवून जातो, म्हणजे दुसरा रन पहिल्यापेक्षा ६% स्लो.

स्प्रिंट धरा, ५ किमी रन, २० किमी सायकल, २.५ किमी रन. टार्गेट १ तास २३ मिनिटं.

१. सायकलची ४२ मिनिटं आणि दोन्ही ट्रान्झिशनची मिळून २ मिनिटं वजा करा. रनिंगला उरली ३९, म्हणजे २३४० सेकंद.
२. दुसऱ्या रनचं अंतर १.०६ ने गुणा, २.६५ आलं. त्यात पहिले ५ मिळवा, ७.६५.
३. २३४० भागिले ७.६५ म्हणजे साधारण ३०६ सेकंद, पहिल्या रनचा पेस किलोमीटरला ५:०६. त्याला १.०६ ने गुणलं की दुसऱ्याचा ५:२४.

दोन्ही आकडे पेनाने मनगटावर लिहून टाका, रेसमध्ये डोकं चालत नाही. टक्का अंदाजाने घेऊ नका, रेसच्या दोनतीन आठवडे आधी एकदा रन-सायकल-रन करून बघा, दुसरा रन किती टक्के स्लो होतो ते कळतं, माझे ६ आले, तुमचे ९ पण येतील.

एकच सांभाळा, सायकलवरून उतरल्यावर पहिले ३००-४०० मीटर पाय सायकलच्याच लयीत भराभर पडतात आणि आपण स्लो आहोत असं वाटतं, घड्याळात मात्र ४:५० दिसतं, तिथेच मुद्दाम आवरा.