चेहऱ्यावरचे काळे डाग: वांग, उन्हाने रापणे आणि फ्रेकल्स फोटोवरून कसे ओळखावेत

चेहरा काळवंडला की आपण बहुधा सगळा दोष उन्हाला देऊन मोकळे होतो. उन्हाने रापलेली त्वचा, वांग आणि फ्रेकल्स म्हणजे बारीक तपकिरी ठिपके, या तिन्हींत ऊन असतेच, पण तिन्हींचे वागणे मात्र वेगळे असते. रापलेपणा ऊन टळले की काही आठवड्यांत उतरू लागतो, वांग वर्षानुवर्षे रेंगाळते आणि बरे झाल्यावरही उलटते, तर फ्रेकल्सना सहसा उपचाराची गरजच नसते. नीट काढलेल्या फोटोवरून यांतला बराचसा फरक घरीच लक्षात येतो. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञानेच करायचे असते.

आधी फोटो नीट काढावा. चेहरा धुऊन, पावडर-क्रीम काही न लावता, केस मागे बांधून सकाळच्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. चेहऱ्यावर थेट ऊन पडू नये आणि फ्लॅश बंद असावा. सेल्फीचा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये त्वचा आपोआप गुळगुळीत करतो, त्यामुळे ज्या खुणा पाहायच्या त्याच पुसल्या जातात. म्हणून दुसऱ्या कोणाकडून मागच्या कॅमेऱ्याने, ब्यूटी फिल्टर बंद ठेवून फोटो काढून घ्यावा. एक समोरून, एक डावीकडून आणि एक उजवीकडून असे तीन फोटो पुरतात. हनुवटीखाली पांढरा कागद धरला तर फोटो पिवळट आला आहे की निळसर, ते कळते. शिवाय दंडाच्या आतल्या बाजूचाही एक फोटो घ्यावा, कारण तिथे ऊन फारसे लागत नाही आणि आपला मूळ रंग किती आहे ते तिथेच दिसते.

आता फोटो पाहताना डाग किती काळा आहे याकडे आधी जाऊ नये. तो चेहऱ्यावर कुठे आहे आणि त्याची कड कशी आहे, हे आधी पाहावे. माझ्या मते रंगाच्या छटेपेक्षा या दोन गोष्टी कितीतरी अधिक सांगून जातात.

उदाहरणादाखल नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीला जाणाऱ्या पस्तिशीतल्या बाईचा फोटो समोर आहे असे धरू. कामावर त्या डोक्याला आणि तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळतात, फक्त डोळ्यांचा भाग उघडा राहतो. फोटोत भुवयांच्या वरचा कपाळाचा पट्टा आणि नाकाचा वरचा भाग एकसारखा गडद आहे, आणि ओढणीची कड जिथे येते तिथे ही काळसर छटा रेघ मारल्यासारखी थांबते. हे रापणे आहे. कपडा, चष्मा किंवा घड्याळाचा पट्टा जिथे संपतो तिथेच रापलेला रंग बदलतो आणि त्या हद्दीच्या आत तो सलग असतो, ठिपक्याठिपक्यांचा नसतो.

पण याच फोटोत दोन्ही गालांच्या उंचवट्यावर आणि वरच्या ओठावर, म्हणजे ओढणीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, तपकिरी चट्टे आहेत. त्यांची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी आहे आणि डाव्या गालावर जिथे चट्टा आहे, साधारण तिथेच उजव्या गालावरही आहे. ओढणीच्या हद्दीशी त्यांचा काही संबंध नाही. हे वांगाचे लक्षण. वांग बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखे येते; गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ आणि कधी जबड्याची कड या त्याच्या नेहमीच्या जागा. त्वचा सपाट असते, खाज किंवा खपली नसते. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातला कल यांमुळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी आधीच जास्त तापट झालेल्या असतात, म्हणून इतरांना काही न करणारे थोडेसे ऊनही त्यांना पुरते. पातळ सुती ओढणीतून झिरपणारा प्रकाशही त्यात आलाच.

फोटोत गालफडांवर चार-सहा बारीक काळे ठिपकेही आहेत, आणि घरच्यांनी त्यांना फ्रेकल्स म्हटले आहे. इथे बोट फिरवून पाहावे, कारण फोटो उंचवटा दाखवत नाही. फ्रेकल्स अगदी सपाट, साधारण १ ते ३ मिलिमीटरचे, फिकट तपकिरी ठिपके असतात. ते बहुधा लहानपणीच नाक-गालांवर उमटतात, उन्हाळ्यात गडद आणि थंडीत फिके होतात, आणि गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या माणसांत अधिक दिसतात. सावळ्या रंगाच्या आणि तिशीनंतर ठिपके आलेल्या बाईच्या बाबतीत ही शक्यता कमीच. बोटाला बारीक दाण्यासारखे लागले तर ते चामखिळीसारखे दिसणारे निरुपद्रवी दाणे असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यांवर सनस्क्रीनने किंवा डाग घालवायच्या क्रीमने काही फरक पडत नाही.

खात्री करायची असेल तर काळाची मदत घ्यावी. उन्हापासून कसोशीने बचाव करून दीड-दोन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळेला पुन्हा फोटो काढावा. कपाळाचा पट्टा दंडाच्या रंगाकडे सरकलेला दिसेल आणि त्याची रेघ पुसट होईल. गालांवरचे चट्टे मात्र तिथेच असतील, उलट आजूबाजूचा रापलेपणा उतरल्यामुळे ते आधीपेक्षा ठळक वाटतील. अनेकजणी इथे घाबरून सनस्क्रीन सोडून देतात. तसे करू नये, वांग वाढलेले नसून फक्त उघडे पडलेले असते.

बचावाचे काही तपशील नेमके कळले पाहिजेत. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा येतो. तेव्हा आभाळ भरलेले असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली पोचतात. त्यांतले लांब तरंगांचे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात. शिवाय वांगाला केवळ अतिनील किरणच नव्हे तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, गडद करतो, आणि नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. म्हणून वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि पीए+++ असे पाकिटावर लिहिलेले असावे.

चूक होते ती मात्रेत. तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढावी, एवढे सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून लागते. वाटाण्याएवढे लावले तर पाकिटावरच्या आकड्याचा जेमतेम काही अंश संरक्षण मिळते. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे, उन्हात असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. बागेत दोन तासांनी हे जमणे अवघड आहे हे खरेच. तिथे रुंद काठाची टोपी आणि तिच्याखाली गडद रंगाची, घट्ट विणीची ओढणी यांवर जास्त भिस्त ठेवावी. ओढणी दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसत असेल तर ती पुरेशी नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची क्रीम मात्र लावू नये. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवताच डाग उफाळून येतो. अशी क्रीम आधीपासून चालू असेल, डाग एकाच बाजूला असेल, निळसर-राखाडी असेल, वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर दोन महिन्यांच्या फोटोची वाट न पाहता सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि काढलेले फोटो व वापरलेल्या क्रीमची ट्यूब सोबत न्यावी.