वसतिगृहातून व्हीपीएन हवंय? मग अर्जात सर्व्हरचा पत्ता लिहा

माझा पहिला अर्ज जेमतेम तीन ओळींचा होता. ‘मी आपल्या महाविद्यालयात संशोधक विद्यार्थिनी असून मला वसतिगृहातून संशोधनकार्यासाठी व्हीपीएनची नितांत आवश्यकता आहे. तरी सदर सुविधा मिळावी ही नम्र विनंती.’ आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घेतला, पोच फाइलला लावली आणि वाट बघत बसले. सतरा दिवसांनी कागद परत आला. कोपऱ्यात निळ्या पेनाने दोनच शब्द होते: ‘कशासाठी? कुठे?’

तेव्हा चिडचिड झाली. नितांत आवश्यकता आहे म्हटलं ना, अजून काय सांगायचं? पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं खरोखरच माझ्याकडे नव्हती.

माझं काम कांदळवनावर आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या काठाने कांदळवन कुठे वाढलं, कुठे घटलं, हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं. एकेक चित्र शेकडो एमबींचं, कधी जीबीच्या घरात जाणारं. ती सगळी विभागाच्या सर्व्हरवर आहेत आणि हिशेबही तिथेच चालतो. लॅब संध्याकाळी सहाला बंद होते, वसतिगृहाची हजेरी साडेसातला असते आणि मधला वेळ एसटीत जातो. म्हणजे खरं काम करायला मिळणारी रात्र सर्व्हरपासून लांबच. व्हीपीएन म्हणजे बाहेरून कॉलेजच्या आतल्या नेटवर्कमध्ये नेणारा बोगदा, तो याचसाठी हवा होता.

वसतिगृह कॉलेजचंच आहे, मग तिथलं नेटही कॉलेजचंच असणार, असं मी धरून चालले होते. बहुतेक नवे विद्यार्थी इथेच फसतात. आमच्या वसतिगृहात वेगळी ब्रॉडबँड लाइन आहे. तुमच्याकडे काय आहे ते एका ओळीत कळतं. आधी लॅबमधून आणि मग खोलीतून ही कमांड द्या:

```
curl ifconfig.me
```

बाहेरच्या जगाला तुमचं नेटवर्क कुठल्या पत्त्याने दिसतं ते ही कमांड सांगते. दोन्हीकडे वेगळे पत्ते आले तर बहुधा जोडण्याच वेगळ्या आहेत, आणि तेव्हा व्हीपीएन मागण्यात अर्थ आहे. एकच पत्ता आला आणि तरीही सर्व्हर दिसत नसेल, तर बहुधा आतल्या फायरवॉलने वसतिगृहाचं वायफाय वेगळं ठेवलेलं असतं. मग मागणी तो आतला रस्ता उघडण्याची करायची, व्हीपीएनची नव्हे.

शेरा घेऊन मी थेट आयटी विभागात गेले. तिथल्या सरांनी चहा बाजूला ठेवून विचारलं, “कुठल्या मशीनवर जायचंय? कुठल्या पोर्टवर?” मी म्हटलं, “सर, सगळंच.” ते हसले. “सगळं दिलं तर अकाउंट्सचा कॉम्प्युटरपण त्यात आला, मॅडम. उद्या तुमच्या लॅपटॉपमधला व्हायरस थेट फीच्या हिशेबात.”

तिथे मला कळलं की आपण सुविधा मागत असतो, पण त्यांना मात्र एक नियम लिहायचा असतो: कोण, कुठल्या मशीनवर, कुठल्या दारातून म्हणजे पोर्टवर, कधीपर्यंत. या चार जागा अर्जात भरलेल्या असल्या तर त्यांचं काम दहा मिनिटांचं. रिकाम्या असल्या तर कागद टेबलावर पडून राहतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून आधी यादी केली. जर्नल्स, सर्व्हरवर लॉगिन, ब्राउझरमधलं ज्युपिटर नोटबुक आणि फाइलींची ने-आण, अशा चार गोष्टी निघाल्या. त्यातली एक सुटण्याचं आणि बाकी तीन एकत्र होण्याचं श्रेय ग्रंथपालांना आणि एका सीनियरला.

जर्नल्सचं म्हणजे, प्रकाशक वाचकाला बहुधा कॉलेजच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो, म्हणून लॅबमध्ये पेपर उघडतो आणि खोलीत पैसे मागतो. पण त्यासाठी व्हीपीएनच लागतं असं नाही. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था आहे. कॉलेज तिचं सदस्य असेल तर प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करून घरूनही पेपर वाचता येतो. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नल्सची एकत्रित वर्गणी सुरू झालीय, तीही इन्फ्लिबनेटच सांभाळतं. याचं खातं ग्रंथालयातून मिळतं, आयटीतून नाही. मी दोन महिने चुकीच्या दारावर उभी होते. शिवाय आमचं व्हीपीएन फक्त कॉलेजच्या आतल्या पत्त्यांचीच वाहतूक आत नेतं. बाकी सगळं वसतिगृहाच्याच लाइनवरून जातं. म्हणजे व्हीपीएन मिळूनही पेपर उघडलेच नसते.

उरलेल्या तीन गोष्टींसाठी मी तीन पोर्ट मागणार होते. सीनियर म्हणाली, “वेडी आहेस का? एकच माग, २२.” दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीचं, म्हणजे एसएसएचचं ते पोर्ट. लॉगिन त्यातून, फाइलींची ने-आण त्यातून, आणि सर्व्हरवरचं नोटबुकही त्याच बोगद्यातून आपल्या ब्राउझरमध्ये येतं:

```
ssh -L 8888:localhost:8888 user@192.168.1.45
```

सर्व्हरचा पत्ता लॅबमध्ये बसून सर्व्हरवरच `hostname -I` दिल्यावर मिळाला होता. मागणी जितकी लहान, तितका समोरच्याचा हात मोकळा. मग दुसरा अर्ज लिहिला, तो असा:

प्रति,
मा. प्रमुख, आयटी विभाग
मार्फत: मार्गदर्शक व विभागप्रमुख

विषय: वसतिगृहातून विभागाच्या एका सर्व्हरवर व्हीपीएनद्वारे प्रवेश मिळण्याबाबत.
संदर्भ: माझा पूर्वीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा.

महोदय,
मी पीएच.डी.ची नियमित विद्यार्थिनी असून महिला वसतिगृहात राहते. माझ्या संशोधनातील उपग्रह चित्रांचे विश्लेषण विभागाच्या सर्व्हरवर चालते. लॅब सायंकाळी ६ वाजता बंद होत असल्याने त्यानंतर काम तपासता येत नाही. वसतिगृहाची इंटरनेट जोडणी स्वतंत्र असल्याने तेथून सर्व्हर दिसत नाही.

मला फक्त 192.168.1.45 या सर्व्हरवर, टीसीपी पोर्ट 22 वर प्रवेश हवा आहे. अन्य कोणत्याही संगणकाची आवश्यकता नाही. वापर माझ्या स्वतःच्या एकाच लॅपटॉपवरून (विंडोज ११, अँटिव्हायरस चालू) साधारण सायंकाळी ७ ते रात्री १२ या वेळेत होईल. मोठ्या फाइली व्हीपीएनवरून उतरवणार नाही, विश्लेषण सर्व्हरवरच होईल. ही परवानगी ३१ डिसेंबरपर्यंत मिळावी, त्यानंतर गरज असल्यास नव्याने अर्ज करीन.

खाते मी कोणासही वापरू देणार नाही. लॅपटॉप हरवल्यास त्याच दिवशी कळवीन.
सोबत: ओळखपत्राची व वसतिगृह प्रवेशपत्राची प्रत.
आपली विश्वासू,

मार्गदर्शकांची सही आधी घेतली, कारण सर्व्हर त्यांच्या नावावर आहे आणि आत कोण येणार हे ठरवणं त्यांच्याकडे. खातं कोणाला न देण्याचं वाक्य मात्र सरांनी सांगितलं म्हणून घातलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवाव्या लागतात. उद्या चौकशी आली तर त्या लॉगमध्ये माझंच नाव असणार. रूममेटने “एकदाच दे गं” म्हटलं, तेव्हा हे कारण उपयोगी पडलं.

चौथ्या दिवशी खातं मिळालं. रात्री खोलीत बसून जोडलं, हिरवी खूण आली. सर्व्हर मात्र गप्प.

आता खरी गंमत. पिंग केल्यावर स्क्रीनवर हे आलं:

```
Reply from 192.168.1.23: Destination host unreachable.
```

मी ‘unreachable’ एवढंच वाचलं आणि सर्व्हर बंद पडला असं समजून मार्गदर्शकांना रात्री साडेनऊला फोन केला. सर्व्हर व्यवस्थित चालू होता. ओळीचा पहिला अर्धा भाग वाचायला हवा होता. उत्तर देणारा 192.168.1.23 कोण? `ipconfig` दिल्यावर कळलं, तो माझाच लॅपटॉप. वसतिगृहाचा राउटरही 192.168.1 नेच सुरू होणारे पत्ते वाटत होता आणि कॉलेजमध्येही तेच. त्यामुळे लॅपटॉप 192.168.1.45 ला वसतिगृहातच शोधत होता, बोगद्यात शिरतच नव्हता. एकाच नावाच्या दोन वाड्या असाव्यात आणि पोस्टमनने पत्र जवळच्या वाडीत शोधत फिरावं, तसं.

खात्री करायला वायफाय बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. त्याचे पत्ते वेगळे असल्याने सर्व्हर लगेच लागला. हॉटस्पॉटवर चालतं आणि वायफायवर नाही, अशी लक्षणं असतील आणि पिंगला तुमचाच पत्ता उत्तर देत असेल, तर रोग बहुतेक हाच.

उपाय दोन होते. एक, वसतिगृहाच्या राउटरचे पत्ते बदलणं. रेक्टर मॅडमना विचारलं, तर “अगं, पावसात आधीच नेट टिकत नाही, त्याला हात लावू नकोस” असं उत्तर मिळालं. बरोबरच होतं, सगळ्या मजल्यांचं नेट त्यावर चालतं. दुसरा उपाय आयटीकडे होता: व्हीपीएनमधून फक्त त्या एका पत्त्याचा स्वतंत्र मार्ग पाठवणं. संगणक दोन मार्गांतला जास्त नेमका मार्ग निवडतो, त्यामुळे अख्ख्या वाडीच्या मार्गापेक्षा एका घराचा मार्ग वरचढ ठरतो. मी पिंगची ओळ आणि हॉटस्पॉटचा अनुभव लिहून मेल केला. सरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी मार्ग टाकला आणि रात्री वायफायवरून लॉगिन झालं. अडचण एवढीच उरते की वसतिगृहात कोणाच्या फोनला नेमका .45 मिळाला, तर त्या फोनशी माझं बोलणं होणार नाही. त्याने माझं काही अडत नाही.

जुलैत इकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की राउटर बंद, राउटर गेला की व्हीपीएन तुटतं आणि त्यासोबत तीन तास चाललेला हिशेबही मरतो. हे दोनदा भोगल्यावर लॉगिन होताच पहिली कमांड हीच देते:

```
tmux new -s kandalvan
```

मग माझ्या बाजूचं काहीही तुटलं तरी सर्व्हरवर काम चालू राहतं. परत जोडल्यावर `tmux attach -t kandalvan` दिलं की तिथूनच पुढे.

अर्जातली ३१ डिसेंबर ही तारीख मीच लिहिली होती आणि मीच विसरले. १ जानेवारीला रात्री पासवर्ड चुकतोय म्हणून तो चार वेळा टाकला, खातं लॉकही करून घेतलं. सकाळी जुन्या अर्जाची प्रत आणि नवी तारीख घेऊन गेले. सरांनी लॉक काढलं, तारीख बदलली आणि म्हणाले, “या वेळी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा.” लॅबमध्ये येऊन बघितलं, तर tmux मधला हिशेब रात्रीच संपलेला होता.