खर्चाच्या वर्तमान मूल्यावरून यंत्र निवडताना : या चुका टाळा

दोन यंत्रे एकच काम करत असतील, तेवढाच माल त्याच दर्जाचा काढत असतील आणि कोणतेही घेतले तरी विक्रीत फरक पडणार नसेल, तर उत्पन्नाचा आकडा हिशोबात आणण्याची गरज उरत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम तुलनेत आपोआप गळून पडते आणि उरतो तो केवळ खर्च : आजची किंमत, दरवर्षीचा चालविण्याचा खर्च आणि शेवटी यंत्र विकून हाती येणारी रक्कम. हे सर्व आजच्या मूल्यात आणायचे आणि ज्याचा आकडा लहान ते यंत्र घ्यायचे, इतकी ही पद्धत सोपी दिसते. सोपी दिसते म्हणूनच तिच्यात होणाऱ्या चुका सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण उणे-अधिकचे सर्व आकडे बरोबर असूनही निर्णय चुकलेला असतो.

आयुष्य वेगळे असताना एकूण वर्तमान मूल्यांची तुलना

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याकडे थोडे सावकाश पाहू. यंत्र ‘अ’ची किंमत ६०० आहे, ते चालविण्याचा खर्च दरवर्षी २०० येतो आणि ते ३ वर्षे टिकते. यंत्र ‘ब’ची किंमत १०००, चालू खर्च दरवर्षी १४० आणि आयुष्य ५ वर्षे. सर्व रकमा हजारांत आहेत, चालू खर्च प्रत्येक वर्षाच्या अखेरीस होतो आणि वटाव दर, म्हणजे पुढच्या रकमा आजच्या मूल्यात आणण्याचा वार्षिक दर, १० टक्के आहे, असे धरू.

दरवर्षी १ याप्रमाणे ३ वर्षे होणाऱ्या खर्चाचे १० टक्के दराने वर्तमान मूल्य २.४८६९ येते, तर ५ वर्षांसाठी ते ३.७९०८ येते. या गुणकांनी ‘अ’चा एकूण खर्च ६०० अधिक ४९७, म्हणजे १०९७ होतो आणि ‘ब’चा १००० अधिक ५३१, म्हणजे १५३१ होतो. तक्त्याच्या तळाशी हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की ‘अ’ ४३४ने स्वस्त आहे, असा निष्कर्ष निघतो आणि तिथेच फसगत होते. १०९७ हा ३ वर्षांच्या कामाचा खर्च आहे, १५३१ हा ५ वर्षांच्या. ‘अ’ घेणाऱ्याला चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा यंत्र विकत घ्यावे लागणार आहे, पण त्या खरेदीची नोंद तक्त्यात कुठेच नाही.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राचा समतुल्य वार्षिक खर्च काढणे. त्यासाठी एकूण वर्तमान मूल्याला त्या यंत्राच्याच आयुष्याच्या गुणकाने भागायचे. १०९७ला, नेमके म्हणजे १०९७.४ला, २.४८६९ने भागले की ४४१.३ येतात, १५३१ला, नेमके म्हणजे १५३०.७ला, ३.७९०८ने भागले की ४०३.८ येतात. ‘ब’ दरवर्षी सुमारे ३७.५ने स्वस्त पडते. निष्कर्ष पूर्ण उलटला.

भागाकारावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी १५ वर्षांचा लांब हिशोब एकदा करून पाहावा. ३ आणि ५ या दोहोंनी भाग जाणारी ती सर्वांत लहान मुदत आहे. त्या काळात ‘अ’ पाच वेळा घ्यावे लागते, ‘ब’ तीन वेळा. सर्व खरेदी आणि चालू खर्च आजच्या मूल्यात आणल्यावर ‘अ’चे सुमारे ३३५६ आणि ‘ब’चे सुमारे ३०७१ होतात. २८५चा हा फरक म्हणजे ते ३७.५च १५ वर्षांच्या गुणकाने गुणलेले आहेत. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, पण आयुष्ये ७ आणि ११ वर्षे असतील तर लांब वाटेने ७७ वर्षांचा तक्ता मांडावा लागेल, म्हणून व्यवहारात वार्षिक खर्चाचीच पद्धत वापरली जाते.

सूत्र उतरवताना होणारी चूक

स्प्रेडशीटमध्ये हे काम दोन सूत्रांत होते. B2 मध्ये आजची किंमत, B3 ते B5 मध्ये तीन वर्षांचे खर्च आणि B8 मध्ये एकूण वर्तमान मूल्य असेल, तर ‘अ’साठी B8 मध्ये पहिले सूत्र आणि त्याखाली दुसरे असे लिहावे :

```
=B2+NPV(10%,B3:B5)
=PMT(10%,3,-B8)
```

NPV हे फंक्शन त्याला दिलेली पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजते. त्यामुळे आजची किंमत त्याच्या कंसात घातली की तिचाही एका वर्षाचा वटाव होतो आणि ‘अ’चा खर्च १०९७ऐवजी ९९८ दिसतो. दोन्ही यंत्रांत ही चूक सारखीच झाली तर क्रम बदलत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. खरा घात होतो तो PMT, म्हणजे एकूण मूल्यावरून वार्षिक खर्च काढणारे दुसरे सूत्र, उतरवताना. ‘ब’च्या स्तंभातले सूत्र ‘अ’च्या स्तंभात तसेच नेले आणि वर्षांचा आकडा ५च राहिला, तर ‘अ’चा वार्षिक खर्च ४४१ऐवजी २८९ दिसतो आणि ‘अ’ दणदणीत जिंकल्यासारखे वाटते.

ही चूक पकडायला एक साधी कसोटी पुरते. चालू खर्च दरवर्षी सारखा असेल, तर समतुल्य वार्षिक खर्च हा ‘चालू खर्च अधिक किंमत भागिले आयुष्य’ या बिनव्याजी सरासरीपेक्षा कमी येऊच शकत नाही. ‘अ’ची ही सरासरी २०० अधिक २००, म्हणजे ४०० आहे. उत्तर २८९ आले असेल तर वटाव दर, दुरुस्ती वगैरे तपासत बसू नये, वर्षांचा आकडा पाहावा. यंत्राला विक्रीमूल्य असेल तर किंमतीतून ते वजा करून हीच कसोटी लावावी.

चिन्हाची गफलत

ज्या तक्त्यात सगळे खर्चच आहेत, त्यात खर्च अधिक चिन्हाने लिहिण्याची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही, परंतु मग शेवटी यंत्र विकून येणारी रक्कम उणे चिन्हाने यायला हवी. समजा ‘ब’ ५ वर्षांनी २५०ला विकले जाईल. त्याचे वर्तमान मूल्य १५५ आहे. ते वजा केले तर ‘ब’चा वार्षिक खर्च ४०३.८ वरून ३६२.८ वर उतरतो, आणि सवयीने मिळवले तर ४४४.७ वर चढतो, म्हणजे ‘अ’च्या ४४१.३ पेक्षाही वर. एका चिन्हाने निवड बदलली. विक्रीमूल्य वाढविल्यावर यंत्र महाग होताना दिसले, तर चिन्ह उलटे पडले आहे हे नक्की समजावे.

याच जातीची दुसरी गफलत माझ्याकडे तपासायला आलेल्या एका तक्त्यात होती. ‘ब’च्या स्तंभात १४० चालू खर्च धरला होताच, शिवाय खालच्या ओळीत ‘अ’च्या तुलनेत होणारी ६०ची बचत पुन्हा वजा केली होती. मांडणाऱ्याला ती बचत दाखवायची होती, पण २०० आणि १४० असे दोन्ही आकडे लिहिल्यावर बचत तुलनेत आलेलीच असते. एकतर दोन्ही यंत्रांचा पूर्ण खर्च लिहावा, नाहीतर एकाचा दुसऱ्याहून असलेला केवळ फरक लिहावा. दोन्ही पद्धती एकाच स्तंभात आल्या की बचत दुप्पट मोजली जाते.

जोखीम म्हणून दर वाढविणे

उत्पन्न अनिश्चित असेल तर वटाव दर चढा लावायचा, ही सवय खर्चाच्या तक्त्यात नेली की ती उलटी वागते. ‘अ’ वारंवार बिघडण्याची भीती आहे म्हणून त्याच्या चालू खर्चाला १०ऐवजी १५ टक्के दर लावला, तर ३ वर्षांच्या खर्चाचे वर्तमान मूल्य ४९७ वरून ४५७ वर येते. ज्या यंत्राला दंड द्यायचा होता त्याला ४०ची सूट मिळाली. बिघाडाची भीती दरात नव्हे, तर थेट खर्चाच्या अंदाजात घालावी. म्हणजे सरासरीने किती वेळा यंत्र बंद पडेल, प्रत्येक वेळी दुरुस्तीला किती लागेल आणि काम थांबल्याने किती नुकसान होईल, याचा आकडा वार्षिक खर्चात मिळवावा आणि दर दोन्ही यंत्रांना एकच ठेवावा.

दर आणि रकमा यांची जात मात्र जुळली पाहिजे. वटाव दरात महागाई धरलेली असेल आणि पुढील वर्षांचे खर्च आजच्याच भावाने लिहिलेले असतील, तर लांबचे खर्च नको तितके लहान दिसतात आणि कमी किंमतीचे पण चालवायला महाग असे यंत्र फुकटचे सरस ठरते. महागाई ४ टक्के असेल तर १० टक्क्यांतून ती वगळून उरणारा दर सुमारे ५.७७ टक्के होतो. आजच्या भावातल्या रकमांना तो लावला की ‘अ’चा वार्षिक खर्च ४२३.५ आणि ‘ब’चा ३७५.९ येतो, म्हणजे ‘ब’ची आघाडी ३७.५ वरून ४७.६ वर जाते. इथे निवड बदलली नाही, पण ‘ब’ ३७ने पुढे असण्याऐवजी ३ने मागे असते तर बदलू शकली असती.

कराबाबत थोडक्यात : घसारा रोखीने जात नाही, म्हणून तो खर्चाच्या ओळीत लिहू नये, मात्र त्यामुळे वाचणारा कर वजा करावा. ही वजावट करपात्र नफा असेल तरच खरी असते. करोत्तर रकमांना करोत्तर दरच लावावा.

काम तितकी वर्षे चालणारच नसेल तर

समतुल्य वार्षिक खर्चाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : यंत्र संपले की तसेच दुसरे, त्याच खर्चात, पुन्हा पुन्हा घेतले जाईल. काम नेमके ३ वर्षांचेच असेल, तर ‘ब’ची पुढची दोन वर्षे कोणाच्या उपयोगाची नाहीत आणि ४०३.८ हा आकडा निरर्थक ठरतो. अशा वेळी दोन्ही यंत्रे ३ वर्षांसाठीच मोजावीत. ‘ब’चा ३ वर्षांचा खर्च १००० अधिक ३४८, म्हणजे १३४८ होतो. तो ‘अ’च्या १०९७ पेक्षा २५१ने जास्त आहे. ३ वर्षांनंतरच्या पैशात हे २५१ म्हणजे सुमारे ३३४. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की तीन वर्षे वापरलेले ‘ब’ त्या दिवशी ३३४पेक्षा अधिकला विकले जाईल की नाही, आणि त्याचे उत्तर वर्तमान मूल्याच्या कोणत्याही सूत्रातून निघत नाही, ते जुन्या यंत्रांच्या बाजारात विचारावे लागते.