वळणावर सायकल किती झुकवावी लागते?

घाटातल्या हेअरपिन वळणाची त्रिज्या 10 मीटर धरा. ताशी 18 किलोमीटर वेगाने वळताना सायकल उभ्या रेषेपासून सुमारे 14 अंश झुकवावी लागते. वेग 27 केला, म्हणजे जेमतेम दीडपट, की हाच कोन 30 अंशांवर जातो. सूत्र असं: tan θ = v² / (r g). यात θ म्हणजे झुकण्याचा कोन, v म्हणजे मीटर प्रति सेकंदातला वेग, r म्हणजे मीटरमधली त्रिज्या आणि g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सुमारे 9.8. वेगाचा वर्ग होतो, म्हणून थोडा जास्त वेगही महागात पडतो. स्वाराचं वजन सूत्रात येतच नाही; जाडजूड माणसालाही तेवढंच झुकावं लागतं.

हा tan θ म्हणजेच टायरला रस्त्याकडून हवी असलेली पकड. 30 अंशांना ती 0.57 लागते. कोरड्या चांगल्या डांबरावर ती सहसा मिळते, ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर तिचा भरवसा नाही.

म्हणून ब्रेक वळणाआधीच, सायकल सरळ असताना लावा. झुकल्यावर लावलात तर ब्रेकही त्याच पकडीत वाटा मागतो आणि पुढचं चाक घसरतं. आपल्याच लेनमध्ये बाहेरून आत येत वळण रुंद घेतलंत आणि त्रिज्या 15 मीटर झाली, तर ताशी 27 लाही 21 अंश पुरतात. आतल्या बाजूचं पेडल मात्र वर ठेवा, नाहीतर ते रस्त्याला टेकतं.