लोकमसाठी दवाखान्याला मेसेज करताय? या चुका टाळा

‘गुड मॉर्निंग सर, मी डॉ. अमुक, एमबीबीएस. लोकमसाठी जागा असेल तर कळवा. कुठलेही दिवस चालतील. मानधन आपण द्याल ते.’

मे महिना आणि दिवाळी तोंडावर आली की कोल्हापुरातल्या दवाखानेवाल्या डॉक्टरांच्या फोनवर असे मेसेज येऊ लागतात. मेसेज नम्र आहे, भाषाही नीट आहे, पण बहुतेक वेळा त्याला उत्तर जात नाही. मेसेज वाचणारा डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या मिनिटात फोन बघत असतो. त्याला आठ दिवस गावाला जायचंय आणि मागे दवाखाना बंद ठेवायचा नाहीये. या मुलाला बसवता येईल का, कोणत्या दिवशी आणि कितीला, एवढंच त्याला ठरवायचं असतं. वरच्या मेसेजमधून यातलं काहीच ठरत नाही. चार प्रश्न उलटे विचारावे लागतात, तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो आणि मेसेज खाली सरकतो.

‘रजिस्टर्ड आहे’ एवढंच लिहिणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नोंदणी म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, म्हणजे आपल्या एमएमसीचा कायमचा नंबर. इंटर्नशिपच्या काळातली तात्पुरती नोंदणी ही मान्य संस्थेत प्रशिक्षण घेण्यापुरती असते, तिच्यावर खासगी दवाखान्यात एकट्याने बसता येत नाही. इंटर्नशिप संपली, कायमच्या नोंदणीचा अर्ज केलाय पण नंबर आला नाही, अशा अवस्थेतली मुलं ‘रजिस्ट्रेशन झालंय’ असं सरसकट लिहितात. मग परिषदेच्या संकेतस्थळावर नाव सापडत नाही आणि समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतोय. त्यापेक्षा ‘अर्ज केला आहे, नंबर आला की कळवतो, त्याआधी बसणार नाही’ असं लिहिलेलं परवडतं. मी तरी असं लिहिणाऱ्याचा नंबर जपून ठेवतो.

एमडी किंवा डीएनबी करून बाहेर पडलेल्यांची अडचण वेगळी. एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. आता हिशेब बघा. एमबीबीएसनंतर नोंदणी झाली, एखादं वर्ष प्रवेश परीक्षेत गेलं, तीन वर्षं पीजीत गेली, वर बाँड. म्हणजे मुलगा एमडी होऊन लोकम शोधायला लागतो, नेमकी तेव्हाच त्याची मूळ नोंदणी संपत आलेली असते, आणि रेसिडेन्सीच्या रगाड्यात ती तारीख बघायची राहून जाते. म्हणून मेसेज टाकायच्या आधी सर्टिफिकेट काढून वैधतेची तारीख वाचा. शिवाय एमडी पास झालात म्हणून ती पदवी आपोआप नोंदली जात नाही. वाढीव पात्रतेची नोंद परिषदेकडे वेगळी करावी लागते. ती व्हायची असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास होते. बेळगाव जवळ, त्यामुळे तिकडे शिकून कर्नाटकची नोंदणी घेतलेली मुलं इकडे कागल, गडहिंग्लजच्या दवाखान्यांना विचारतात. महाराष्ट्रात प्रॅक्टिसला बसायचं तर एमएमसीचा नंबर लागतो. सरकारी कॉलेजात पीजी करणाऱ्यांनी तर हा विषयच काढू नये. पीजीचा विद्यार्थी पूर्णवेळ रेसिडेंट असतो, त्याला खासगी प्रॅक्टिसची परवानगी नाही, मग रविवार सुट्टीचा का असेना. बाँडवर असाल तर नेमणुकीच्या आदेशातल्या अटी आधी वाचा.

स्पेशालिटी लिहायची, पण काय येतं ते नाही

‘एमबीबीएस’ किंवा ‘एमडी पेडिॲट्रिक्स’ एवढ्यावर मालकाला अंदाज बांधता येत नाही. राजारामपुरीतल्या फॅमिली डॉक्टरला टाके घालणारा, ईसीजी वाचणारा, लहान मुलाच्या डोसला न अडखळणारा माणूस हवा असतो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळच्या दवाखान्यात बोटं चेपलेले, डोळ्यात कण गेलेले कामगार येतात. तिथे जखम नीट धुऊन बांधता येणं पदवीइतकंच महत्त्वाचं. तेव्हा एका ओळीत लिहा: काय करता येतं आणि काय करणार नाही. ‘गर्भवती पेशंट तपासून पुढे पाठवीन, डिलिव्हरी घेणार नाही’ असं लिहिलं तर कुणी नाराज होत नाही. उलट त्या दिवसांत डिलिव्हरीच्या पेशंटला आधीच दुसरीकडे सांगून ठेवता येतं.

एक प्रश्न तुम्हीही विचारून घ्या: गोळ्या दवाखान्यातूनच देता की चिठ्ठी लिहायची? आपल्याकडे बरेच जुने डॉक्टर स्वतःच औषध देतात. कंपाउंडरला ‘पांढरी दोन, पिवळी एक’ अशी सवय लागलेली असते. तुम्ही औषधाचं नाव सांगता आणि तो बघत बसतो. आदल्या दिवशी अर्धा तास जाऊन कपाट बघून आलात तर पहिली सकाळ सुरळीत जाते.

‘कुठलेही दिवस चालतील’

हे कुणाला खरं वाटत नाही. नीट-पीजीचा अभ्यास चालू असतो, काउन्सेलिंगच्या फेऱ्या लागतात, घरचं लग्न निघतं. शेवटच्या क्षणी आलेला नकार मालकाला सगळ्यात महाग पडतो, कारण त्याची तिकिटं काढून झालेली असतात. म्हणून तारखा द्या, वार द्या, सकाळ की संध्याकाळ ते द्या, आणि कधी जमणार नाही तेही आधीच सांगा. काउन्सेलिंगमध्ये नाव लागलं तर किती दिवस आधी सांगाल, हेही लिहा. कोल्हापूरच्या बाहेरून येणार असाल तर जुलै-ऑगस्टचा विचार करा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली होती. सांगलीहून रोज ये-जा करणाऱ्याने त्या महिन्यांत कोल्हापुरात राहायची सोय सांगितली, तर मालक निर्धास्त होतो.

फी: ‘आपण द्याल ते’

हे लिहिण्यामागे संकोच असतो, मोठ्यांकडे पैसे कसे मागायचे असा. पण मालकाला हा संकोच ओझं वाटतो. त्याने कमी सांगितलं तर वाईट दिसतं, जास्त सांगितलं तर खिशाला लागतं, म्हणून तो विषयच टाळतो. आकडा तुम्हीच सांगा. मात्र त्याआधी ‘दिवस’ म्हणजे काय ते ठरवा, कारण पैशावरून वाजतं ते बहुतेक या एका शब्दापायी. फॅमिली डॉक्टरचा दिवस म्हणजे सकाळची ओपीडी आणि संध्याकाळची ओपीडी, मध्ये तीन-चार तास मोकळे. नर्सिंग होमचा दिवस म्हणजे बारा तासांची ड्युटी, कधी चोवीस तासांची. एकाच आकड्यावर दोघं ‘हो’ म्हणतात आणि रात्री नऊला लक्षात येतं की एकाला घरी जायचंय आणि दुसऱ्याला तो सकाळपर्यंत हवाय.

हिशेब असा करून बघा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत, तो बाजारभाव नव्हे. समजा कोल्हापुरात राहणारी एक डॉक्टर कागलच्या दवाखान्यात बसणार आहे. सकाळी दहा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ, म्हणजे सात तास काम. दोन्ही वेळचे मिळून तिने 3,000 रुपये ठरवले. एकच वेळ बसायचं तर निम्मे, 1,500? तसं नको. वीसेक किलोमीटर जाणं-येणं एका वेळेसाठीही तेवढंच असतं आणि त्या दिवशी दुसरं कुठलं काम धरता येत नाही. म्हणून एका वेळेचे 1,800 मागणं रास्त आहे. सलग आठ दिवस दिले तर ती दिवसाचे 2,800 करू शकते, म्हणजे आठ दिवसांचे 22,400. पैसे रोजच्या रोज की शेवटच्या दिवशी, हेही बोलून घ्यावं. मोठी हॉस्पिटलं व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस कापतात. कापलेला कर रिटर्न भरताना हिशेबात येतो, तेव्हा ठरलेली रक्कम कापायच्या आधीची की नंतरची, ते विचारून ठेवा.

आता तिचाच मेसेज असा होईल:

‘नमस्कार सर. मी एमबीबीएस, एमएमसीची कायमची नोंदणी आहे, नंबर खाली देत आहे, वैधता 2029 पर्यंत. जनरल ओपीडी, ड्रेसिंग, साधे टाके, ईसीजी जमतं. डिलिव्हरी घेत नाही. 10 ते 17 मे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येऊ शकते, रविवारी फक्त सकाळी. दोन्ही वेळचे मिळून दिवसाला 3,000 रुपये, एका वेळेचे 1,800. सलग आठवडा ठरला तर कमी करता येईल. बदल झाला तर चार दिवस आधी कळवेन. दुपारी दोननंतर बोलायला वेळ असेल तर फोन करते.’

यात रविवारची अट आहे, म्हणजे दिवस सात पूर्ण आणि एक अर्धा. फोनवर ते मोजूनच रक्कम ठरवायची, नाहीतर शेवटच्या दिवशी 22,400 वरून कुरबुर होते. मेसेज दुपारी दीडनंतर पाठवा. सोमवारी सकाळी अकराला पाठवलेला मेसेज गर्दीत बुडतो. चार पानी बायोडेटाची फाइल नको, ती कुणी उघडत नाही. नोंदणीचं सर्टिफिकेट मागितल्यावर द्या आणि त्यावर ‘फक्त अमुक दवाखान्यातील लोकमसाठी’ असं आडवं लिहून द्या. आधार आणि पॅन पहिल्या मेसेजला जोडायचं काहीच कारण नाही.

होकार आल्यानंतर

‘या’ म्हटलं की हुरळून जाऊ नका. चिठ्ठी मालकाच्या पॅडवर लिहायची असली तरी तुमचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक त्यावर आला पाहिजे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणं नियमानुसार बंधनकारक आहे, आणि उद्या कुठल्या पेशंटला रिॲक्शन आली तर कुणी तपासलं ते कागदावर दिसलं पाहिजे. नाव-पदवी-नंबरचा एक शिक्का करून घ्या आणि बॅगेत ठेवा. मालकाने कोऱ्या पॅडवर सह्या करून ठेवल्या असतील तर तो गठ्ठा कंपाउंडरकडे परत द्या आणि मालकाला फोन करून सांगा.

काही ठिकाणी बोलणं सुरू होतं लोकमचं आणि वळतं भलतीकडेच. रोज यायची गरज नाही, बोर्डावर नाव असू द्या, महिन्याला पैसे मिळतील, असं कुणी म्हणालं तर ती नोकरी नाही. त्यांना फक्त तुमचा नोंदणी क्रमांक वापरायचा असतो. तिथे तपासलेल्या प्रत्येक पेशंटची जबाबदारी तुमच्या नावावर येते. अशा ठिकाणी फीची घासाघीस करत बसू नका, सरळ नाही म्हणा.

मेसेजला दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, तीही नुसती ‘सर?’ अशी नको. ‘10 ते 17 मेचं काही ठरलं का? नसेल तर दुसरीकडे हो म्हणते’ एवढं लिहा. त्यालाही उत्तर नसेल तर तारखा मोकळ्या धरून पुढच्या दवाखान्याला विचारा.