दमट हवेत सिलिका जेलचा कॉलम कसा भरावा

ऑर्थो- आणि पॅरा-नायट्रोॲनिलिनचे मिश्रण कॉलममधून वेगळे करण्याआधी सिलिकेच्या छोट्या प्लेटवर त्याची चाचणी, म्हणजे टीएलसी, करावी. त्यात हेक्झेन व इथिल ॲसिटेटच्या 8:2 मिश्रणात ऑर्थोचा ठिपका 0.35 आरएफवर, म्हणजे द्रावक चढलेल्या अंतराच्या 0.35 पट उंचीवर, आणि पॅराचा 0.18 वर आला, तर हेच द्रावक कॉलमलाही चालते. दोन्ही पदार्थ विषारी असल्याने हातमोजे घालून धूरकपाटातच काम करावे.

कोकणात खरी अडचण सिलिकेची असते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतील पाणी शोषते. त्यामुळे सिलिकेची पकड सैल होते, दोन्ही पदार्थ लवकर उतरतात आणि एकमेकांत मिसळतात. एका जुलै महिन्यात मी अशाच बाटलीतली सिलिका वापरली आणि प्लेटवर स्पष्ट वेगळे दिसलेले दोन पट्टे कॉलममध्ये एकच होऊन खाली आले. तेव्हापासून सिलिका 110 अंशांवर दोन-तीन तास तापवून ओलावा शोषणाऱ्या बंद शोषकपात्रात पूर्ण थंड केल्याशिवाय मी घेत नाही. गरम सिलिकेवर द्रावक कधीही ओतू नये.

300 मिलिग्रॅम मिश्रणासाठी पन्नासपट, म्हणजे 15 ग्रॅम सिलिका (60–120 मेश) पुरते. दीड सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या तळाशी कापूस बसवावा. सिलिका त्याच 8:2 द्रावकात कालवून पातळ स्लरी करावी, ती एका दमात ओतावी आणि तोटी उघडी ठेवून नळीला रबरी नळीने हलकेच टिचक्या द्याव्यात, म्हणजे बुडबुडे वर निघून जातात. थर साधारण 17 सेंटिमीटर उंच बसतो. द्रावकाची पातळी थराखाली गेली की भेगा पडतात, आणि भेग पडलेला कॉलम दुरुस्त होत नाही. तो पुन्हा भरावा लागतो. वरून वाळूचा पातळ थर देण्यासाठी किनाऱ्यावरची वाळू घेऊ नये, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. आम्लाने धुतलेली वाळूच घ्यावी.

ही संयुगे हेक्झेनमध्ये नीट विरघळत नाहीत. म्हणून मिश्रण थोड्या इथिल ॲसिटेटमध्ये विरघळवून अर्धा ग्रॅम सिलिकेत मुरवावे, द्रावक उडवावे आणि उरलेली कोरडी भुकटी थरावर सारखी पसरून मग तिच्यावर वाळू घालावी.

आता कॉलममधून उतरणारे द्रावण 10-10 मिलिलिटरच्या भागांत, म्हणजे फ्रॅक्शनमध्ये, वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत गोळा करावे. थरात साधारण 25 मिलिलिटर द्रावक मावते. त्याला आरएफने भागले की पदार्थ कधी उतरेल याचा अंदाज येतो. ऑर्थो सुमारे 71 मिलिलिटरला, म्हणजे आठव्या नळीच्या आसपास, आणि पॅरा 139 मिलिलिटरला, म्हणजे चौदाव्या नळीच्या आसपास. पुढे जाणारा नारिंगी पट्टा ऑर्थोचा आणि मागचा पिवळा पॅराचा असतो. तरीही निव्वळ रंगावर विसंबू नये. प्रत्येक नळीतला थेंब मूळ मिश्रणाच्या शेजारी टीएलसीवर लावावा, एकच ठिपका देणाऱ्या नळ्या एकत्र कराव्यात आणि दोन ठिपके देणाऱ्या मधल्या नळ्या वेगळ्या ठेवून त्यांच्यासाठी नवा छोटा कॉलम लावावा.