दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत चॉकलेट दूध प्यावे की रिकव्हरी पावडर? घरच्या घरी हिशेब कसा करावा

क्लबच्या पातळीवर खेळणाऱ्याने व्यायामानंतर काय प्यावे, हे ठरवण्याआधी पुढचा सामना किंवा सराव किती तासांनी आहे हे पाहावे. पुढचे खेळणे दुसऱ्या दिवशी असेल, तर त्या मधल्या काळात होणारी दोन-तीन जेवणे स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजेच ग्लायकोजेन, भरून काढण्यास पुरेशी असतात. तेव्हा पेय कोणते घेतले याने फारसा फरक पडत नाही. पण एकाच दिवशी सकाळी एक आणि दुपारी दुसरा सामना असेल आणि मध्ये चार-पाच तासच मिळत असतील, तर पहिल्या तासात पोटात काय गेले याला खरे महत्त्व येते. हा लेख त्या चार-पाच तासांसाठी आहे.

चॉकलेट दुधाची कीर्ती झाली ती अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगामुळे. त्यात नऊ सायकलपटूंनी दमवणारा सराव केला, मग चार तास विश्रांती घेतली आणि त्यानंतर थकून थांबेपर्यंत पुन्हा सायकल चालवली. विश्रांतीच्या काळात चॉकलेट दूध प्यायलेले खेळाडू तेवढ्याच उष्मांकांचे कर्बोदकयुक्त रिकव्हरी पेय प्यायलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ टिकले. मात्र साध्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या तुलनेत दुधाची सरशी सिद्ध झाली नाही, खेळाडू नऊच होते आणि प्रयोगाच्या खर्चात दुग्धव्यवसायाचा वाटा होता. म्हणून यातून ‘दूध सर्वांत श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढू नये. महागड्या पावडरीच्या पंगतीला दूध निश्चित बसू शकते, एवढे मात्र यावरून म्हणता येते आणि क्लबच्या खेळाडूला तेवढे पुरे आहे.

पहिली पायरी वजन करण्याची. सामन्याआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि सामन्यानंतर घाम पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करावे. समजा 60 किलोची एक फुटबॉलपटू सकाळी आठचा सामना खेळून पावणेदहाला मैदानाबाहेर आली, तिचे वजन 58.9 किलो भरले आणि दुपारी दोन वाजता तिला पुन्हा उतरायचे आहे. गेलेल्या 1.1 किलोच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे साधारण 1.4 ते 1.6 लीटर द्रव तिने मधल्या वेळेत थोडा थोडा करून प्यायला हवा, कारण प्यायलेल्यातला काही भाग लघवीवाटे जातोच. कर्बोदके पहिले चार तास दर किलो वजनामागे ताशी 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी ताशी 60 ते 72 ग्रॅम लागतात. प्रथिने एका वेळी किलोमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे सुमारे 18 ग्रॅम पुरतात.

आता हे आकडे घरच्या पातेल्यात बसवून पाहू. अर्धा लीटर डबल टोन्ड दुधात साधारण 17 ग्रॅम प्रथिने आणि 24 ग्रॅम दुधाचीच साखर असते. त्यात सहा सपाट चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर घातली, की सुमारे 50 ग्रॅम कर्बोदके आणि 18 ग्रॅम प्रथिने होतात. सोबत एक केळे खाल्ले, की पहिल्या तासाची गरज भागते. म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध या वेळी टाळावे, कारण जास्त स्निग्धांशामुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. कोकोचे काम चवीपुरतेच आहे. साध्या दुधाला व्यायामानंतरचे पेय बनवते ती साखर.

कोको थंड दुधात थेट टाकला तर त्याच्या गुठळ्या होऊन तो वर तरंगतो. म्हणून आधी कोको आणि साखर एकत्र करून दोन-तीन चमचे गरम पाण्यात गुळगुळीत होईपर्यंत घोटावी आणि मग उकळून थंड केलेले दूध हळूहळू मिसळावे. ड्रिंकिंग चॉकलेट वापरणार असाल, तर त्यात साखर आधीच भरपूर असते, म्हणून वेगळी साखर घालण्याआधी डब्यावरचा आकडा पाहावा.

सामना संपल्याबरोबर घटाघटा पिऊ नये, मळमळते. पंधरा-वीस मिनिटे श्वास आणि पोट स्थिरावू द्यावे, मग गार दूध घोटाघोटाने प्यावे. आमच्या उदाहरणातील खेळाडू दहा वाजता दूध आणि केळे घेईल, अकराच्या सुमारास वाटीभर वरणासह 250 ग्रॅम शिजलेला भात खाईल, ज्यातून भाताचीच सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके मिळतील, आणि बारानंतर खजूर किंवा केळ्यावर राहील. उरलेले लीटरभर पाणी या काळात विभागून प्यावे. घामातून गेलेले मीठ वरणभातातून परत येते. दूध शरीरात साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकते, हे पाण्याच्या भरपाईवरील प्रयोगांतून दिसले आहे, आणि या बाबतीत ते बऱ्याच स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षाही सरस ठरते.

बाजारातील पर्याय तपासताना डब्यावरचे नाव न पाहता मागची पट्टी वाचावी. साध्या व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीच्या, एका स्कूपमध्ये 22 ते 25 ग्रॅम प्रथिने असली, तरी कर्बोदके जेमतेम दोन-चार ग्रॅम असतात. वजन उचलण्याच्या सरावानंतर तेवढे चालते, पण दोन सामन्यांच्या मध्ये कर्बोदके वेगळी खावीच लागतात. रिकव्हरी पावडरीत ती असतात. तिथे किंमत भागिले डब्यातून किती वेळचे पेय होते असा हिशेब करावा आणि अर्धा लीटर दूध, साखर व कोको यांच्या खर्चाशी तुलना करावी. तयार चॉकलेट दुधाच्या बाटलीवर 100 मिलीलीटरमागे किमान 3 ग्रॅम प्रथिने नसतील, तर त्यात दूध कमी आणि गोड पाणी जास्त आहे असे समजावे. शिवाय एवढे प्रमाण असले तरी 200 मिलीलीटरच्या एका बाटलीतून जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. लहान मुलांच्या माल्टच्या पावडरी या कामासाठी नव्हेत.

काही वेळा मात्र घरचे साधे दूध योग्य नसते. दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगत असेल, गुरगुरत असेल किंवा पातळ होत असेल, तर दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसण्याची शक्यता असते. अशांनी लॅक्टोज काढलेले दूध, सोया दूध किंवा बहुतेक लॅक्टोज काढलेली व्हे पावडर, म्हणजे व्हे आयसोलेट, घ्यावे आणि कोणताही नवा पर्याय सामन्याच्या दिवशी नव्हे, तर सरावाच्या दिवशी आधी करून पाहावा. एप्रिल-मेच्या उन्हात मैदानावर फ्रीज नसेल, तर घरचे दूध बर्फासह इन्सुलेटेड बाटलीत न्यावे. तशी सोय नसेल, तर न उघडलेले टेट्रा पॅक किंवा पाण्यात मिसळायची पावडर सुरक्षित. तापलेल्या जागी तासभर राहिलेले दूध वासाला बरे वाटले तरी पिऊ नये.

मधुमेह असलेल्यांनी या साखरेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे. राज्य किंवा त्यावरच्या स्पर्धांत उत्तेजकांची चाचणी होऊ शकते आणि पावडरीत काही बंदी असलेले मिसळलेले निघाले, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. त्यामुळे अशा खेळाडूने स्वतंत्र प्रयोगशाळेत प्रत्येक बॅच तपासलेल्या पावडरीच घ्याव्यात आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.